सकाळी सहा ते नऊ काउंटरवर गर्दीचे दोन पीक एकत्र येतात तेव्हा

प्रश्न: "कोल्हापुरात सीबीएस स्टँडजवळ आमचं २८ रूमचं हॉटेल आहे, २४ तास चेकआउट. रिसेप्शनला चौघं, शिफ्ट ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७. सकाळी सातला शिफ्ट बदलते तेव्हाच चेकइन-चेकआउटची गर्दी, रोज भांडणं. मालक म्हणतात पाचवा माणूस नको, टायमिंग बदला. काय करू?"

मी स्टँडच्या बाजूलाच साधारण एवढ्याच हॉटेलात बरीच वर्षं डेस्कवर काढलीत, त्यातली निम्मी नाईटला. मालकांचं अर्धं बरोबर आहे. पण नुसतं सातचं सहा करून भांडण मिटणार नाही, कारण तुमच्याकडं गर्दीची वेळ ठरवतंय ते २४ तास चेकआउट.

बघा, मुंबई-पुण्याच्या स्लीपर गाड्या पहाटे पाच-सव्वापाचपासून माणसं सोडायला लागतात, मग साडेसातच्या सुमाराला मुंबईची रेल्वे. काल सहाला रूम घेतलेल्याचे २४ तास आज सहालाच भरतात, म्हणजे कालचा चेकइनचा पीक आज चेकआउटचा पीक होऊन परत येतो, तोही आजच्या गाड्यांच्या डोक्यावर. बारा वाजता चेकआउट असणाऱ्या हॉटेलला हा त्रास नाही, त्यांचा त्रास वेगळा. त्यात ऑनलाइन बुकिंगवाले तुमच्या बोर्डावर काय लिहिलंय ते न बघता बाराचंच धरून चालतात, म्हणजे एकाच काउंटरवर दोन घड्याळं. मालक २४ तास बदलणार नाहीत हे मला माहीत आहे, यात्रेकरू त्याच बोर्डाकडं बघून आत येतो. म्हणून ते तसंच धरून सांगतो.

आधी दोन आठवडे एक वही ठेवा. दर अर्ध्या तासाला किती चेकइन, किती चेकआउट, फक्त रेघा मारायच्या. आमच्याकडं एका शनिवारी साडेसहा ते साडेआठ या दोन तासांत ११ चेकइन आणि ७ चेकआउट निघाले. फॅमिलीचं चेकइन म्हणजे फॉर्म भरणं, सगळ्यांचे आयडी, झेरॉक्स, ॲडव्हान्स, रूम दाखवायला पोरगं पाठवणं, धरा ८ मिनिटं. चेकआउट ५ मिनिटं, बिलावर वाद नसेल तर. ११ आठे ८८ आणि ७ पाचे ३५, झाले १२३ मिनिटं. हातात १२० मिनिटं आणि माणूस एक, वर फोन, चहाची ऑर्डर आणि "अंबाबाईचं देऊळ चालत किती लांब?" विचारणारे. म्हणजे काउंटरवरचा माणूस आळशी नाही, गणितच बसत नाही. आणि याच्या मधोमध सात वाजता तुम्ही कॅश मोजायला बसता.

पहिला उपाय माणूस वाढवण्याचा नाही, मिनिटं कमी करण्याचा. यातलं बरंचसं काम नाईटवाल्याचं, आणि रात्री एक ते चार त्याला वेळ असतो (झोपतो म्हणून ओरडू नका, मीही झोपलोय). ज्यांचे २४ तास सकाळी भरणार आहेत त्यांची यादी संध्याकाळवाल्यानं काढायची, नाईटवाल्यानं त्यांची बिलं कच्ची प्रिंट करून रूम नंबरप्रमाणं लावून ठेवायची. रात्री दहाच्या आत संध्याकाळवाल्याचा त्या रूमला एक फोन: सकाळी किती वाजता निघणार, दर्शन करून परत रूमवर येणार का. हा दुसरा प्रश्न विसरू नका, का ते पुढं सांगतो. उद्या येणाऱ्या बुकिंगवाल्यांकडून आयडीचे फोटो हॉटेलच्या एकाच नंबरवर आदल्या संध्याकाळी मागवायचे, स्टाफच्या ग्रुपवर नाही, तिथं लोकांचं आधार फिरत राहतं. फॉर्मवर नाव, पत्ता, मोबाईल आधीच लिहून ठेवायचा, सकाळी फक्त ओरिजिनल बघून सही. आमचं चेकइन ८ वरून ४ मिनिटांवर आलं, चेकआउट २ वर. तोच शनिवार परत मांडा: ४४ आणि १४, म्हणजे ५८ मिनिटं. बुकिंगशिवाय येणारे वॉक-इन जास्त असतील तर एवढं कमी होत नाही, त्यांचा आयडी आधी कुठून येणार. पण एका माणसाला श्वास घेता येतो.

आता शिफ्ट. ६ ते २, २ ते १०, आणि नाईट १० ते साडेसहा. शेवटचा अर्धा तास नाईटवाला आणि सकाळवाला दोघंही काउंटरवर. नाईटवाल्याने हातात घेतलेलं गिऱ्हाईक त्यानंच संपवायचं, सहानंतर दारातून आलेला नवीन माणूस सकाळवाल्याचा. आणि कॅशची देवघेव शिफ्टच्या वेळेपासून तोडा. नाईटवाला पाचला, पहिली स्लीपर यायच्या आत आपली कॅश मोजतो, रजिस्टरशी जुळवतो, पाकिटात घालून सही करून ड्रॉप बॉक्समध्ये टाकतो. मग सुट्ट्यांची दुसरी पाऊच उघडायची, आमची ३००० ची असायची, पन्नास आणि शंभरच्या नोटा जास्त. पाचनंतरचा सगळा व्यवहार त्या पाऊचमध्ये, आणि सहाला सकाळवाला तीच पाऊच पुढं चालवतो, गर्दीत मोजत नाही, गर्दी ओसरली की नऊ-साडेनऊला मोजतो. पावतीवर कोणी घेतले त्याची सही असली की झालं. यूपीआयचा हिशोब पाकिटात मिसळू नका, आमच्याकडं कॅश कमी निघाल्याची निम्मी बोंब त्याचीच असायची, पैसे बँकेत आणि एंट्री कॅशमध्ये.

आता तो दुसरा प्रश्न. एका रविवारी नाईटवाल्यानं जाता जाता सांगितलं, "२०४ खाली होतंय." तोंडी, जिन्यात, सॅक पाठीला लावून. सकाळवाल्यानं बघितलं तर २०४ ची किल्ली हुकवर लटकलेली. समोर बसमधून उतरलेलं कुटुंब, लहान पोरगं झोपेनं पेंगतंय, यानं दिली रूम. वर गेले तर कॉटवर कुणाच्या तरी बॅगा, बाथरूममध्ये ओला टॉवेल, ड्रेसिंग टेबलवर बाईंचं मंगळसूत्राचं पाकीट. आधीचे पाहुणे फक्त दर्शनाला गेले होते, जाताना किल्ली काउंटरवर ठेवून, आपल्याकडं सगळे ठेवतात तशी. नशीब, पाकिटातलं सगळं जागेवर होतं. पण ते परत आल्यावर जे झालं ते इथं लिहीत नाही. नवीन कुटुंबाला दीड तास सोफ्यावर बसवलं आणि नाश्ता आमच्याकडून. चूक कुणाची? नाईटवाला म्हणाला मी "होतंय" म्हटलेलं, "झालं" नाही. त्याचं व्याकरण बरोबर होतं.

त्या दिवसापासून नियम: किल्ली हुकवर म्हणजे रूम रिकामी नाही. बिलावर सही झाली आणि हाउसकीपिंगच्या पोरानं आत जाऊन कपाट, बाथरूम बघून "क्लिअर" सांगितलं की मगच ती रूम द्यायची. दर्शनाला गेलेल्याची किल्ली वेगळ्या ट्रेमध्ये, चिठ्ठीसकट. आणि हँडओव्हर वहीत रूमपुढं तीनच शब्द चालतील: गेले, येणार, थांबणार. "बहुतेक" लिहिलेलं दिसलं तर मी फोन करून झोपेतून उठवायचो.

माणसांचं गणित. आठवड्याला ७ दिवस गुणिले ३, म्हणजे २१ शिफ्ट नुसत्या काउंटर रिकामा राहू नये म्हणून लागतात. चौघं सहा दिवस करतात, २४. म्हणजे जादा फक्त ३ शिफ्ट, आणि त्या कुठं खर्च करायच्या हाच खरा प्रश्न आहे. तुमच्याकडं त्या बहुतेक दुपारी वाया जात असणार, दोघं मोबाईल बघत. त्या तिन्ही सकाळी लावा: शनिवार, रविवार देवीला येणाऱ्यांसाठी, आणि सोमवार शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत येणाऱ्या कंपनीवाल्यांसाठी, ते रेल्वेनं उतरतात आणि त्यांना नऊला गेटवर पोचायचं असतं. तरी तुमची वही वेगळं सांगत असेल तर वहीचं ऐका.

हे बसवायचं असं. तिघं आठवडाभर आपापल्या शिफ्टला, चौथा रिलिव्हर. मंगळवारी सकाळवाल्याला सुट्टी, रिलिव्हर सकाळ करतो. बुधवारी संध्याकाळवाल्याला सुट्टी, रिलिव्हर संध्याकाळ. गुरुवारी नाईटवाल्याला सुट्टी, रिलिव्हर नाईट करून शुक्रवारी सकाळी घरी, शुक्रवार त्याचा. मग शनि, रवि, सोम जादा सकाळ. सहा शिफ्ट बरोबर. रिलिव्हरची सुट्टी झोपेतच जाते हे मान्य, म्हणून दर आठवड्याला रिलिव्हर बदला, आणि माणसाची शिफ्ट सकाळ, संध्याकाळ, नाईट याच क्रमानं पुढं सरकवा. रात्री दहाला क्लोजिंग करून सकाळी सहाला ओपनिंग कुणालाच देऊ नका. हातकणंगलेवरून येणाऱ्याला तर अजिबात नाही, तो घरी पोचून जेवेपर्यंत साडेअकरा वाजतात.

कुणीतरी ब्रेक शिफ्ट सुचवेल, म्हणजे सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास. कागदावर मस्त दिसते. आम्ही करून बघितली, शिवाजी पेठेत राहणारा पोरगा होता, घर दहा मिनिटांवर, तरी दोन महिन्यांत सोडून गेला. दिवसभर हॉटेलच डोक्यात, पगार आठच तासांचा.

हे सगळं चौघं हजर आहेत तोवर चालतं. एकाला ताप आला की तुमच्या तिन्ही जादा शिफ्ट उडाल्या आणि शनिवारी परत काउंटरवर एकटा माणूस. म्हणून मालकांना "माणूस हवा" असं सांगू नका, वही दाखवा: गेल्या दोन महिन्यांत जादा सकाळ किती वेळा रद्द झाली, त्या दिवशी किती गिऱ्हाईक दारातून परत गेलं, एका रूमचं भाडं किती. आमच्या मालकांनी ते बघितलं आणि पाचवा आला, ३० शिफ्ट झाल्या, जादा ९. नवरात्रात मात्र पाचही पुरत नाहीत, तेव्हा नऊ दिवस नाईटला दोघं ठेवावे लागतात आणि सुट्ट्या नंतर द्याव्या लागतात, ते आधी महिनाभर सांगून ठेवा.

पाचवा घेतलात तर पहिले पंधरा दिवस त्याला एकट्याला नाईट देऊ नका, पहाटे पाचची कॅश आणि कच्ची बिलं त्याला शेजारी बसून शिकवा. आणि किल्लीचा ट्रे पहिल्याच दिवशी दाखवा.