तीन आणि तीन शेजारी आले की थांबा

फिलोमिनो या आकड्यांच्या कोड्यात एकाच आकड्याची लागून असलेली घरं मिळून एक गट होतो, आणि त्या गटात त्या आकड्याइतकीच घरं हवीत. तू दिलेल्या आकड्यापासून घरं जोडत सुटतोस, तिथेच अडकतोस. आधी कुठलं घर जोडता येणार नाही, ते बघ.

समजा, डाव्या वरच्या कोपऱ्यात ३ आहे, त्याच्या उजवीकडे १. म्हणजे ३ला खालीच उतरावं लागणार. दुसऱ्या ओळीचं पहिलं घर ३. आता तिसरं घर कुठलं, उजवीकडचं की खालचं? दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात आणखी एक ३ दिलेला आहे. मधल्या घरात ३ लिहिलास तर दोन्हीकडचे जुळून चार घरांचा गट होतो. बाद! म्हणून खालचं घर ३, आणि गट पूर्ण.

खरी गंमत त्या मधल्या घराची. तिथे ३ चालत नाही. वर १ असल्यामुळे १ही नाही. मग त्याला खालच्या घराशी जोडूनच घ्यावं लागतं. आकडा २ किंवा ४च्या पुढचा, ४ धरून. त्या गटाचा एकही आकडा आधी दिलेला नसेल, तरी चालतं. नवखे इथेच फसतात (मीही फसायचो): प्रत्येक गटाला दिलेला आकडा असतोच, असं धरून खोडरबर झिजवतात.