अकरा महिन्यांचा करार, एजंटची फी आणि राहून गेलेलं रजिस्ट्रेशन

"मॅडम, पुण्यात कोथरूडला माझा टू बीएचके आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये एका एजंटमार्फत अकरा महिन्यांसाठी भाड्याने दिला, भाडं २२,००० आणि डिपॉझिट ६६,०००. एजंटने एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज घेतलं, वर 'अॅग्रीमेंटचे' ३,५०० घेतले. करार ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केला, अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही असं म्हणाला. एप्रिलअखेर मुदत संपली, आता जुलै आलाय तरी भाडेकरू निघत नाहीये. म्हणतो डिपॉझिट दीड लाख दिलंय आणि तीन वर्षांचं ठरलं होतं. एजंट फोन उचलत नाही. फी परत मिळेल का आणि घर कसं खाली करून घेऊ?"

फीचं नंतर बघू, कारण तुमचं घर कोणाच्या ताब्यात राहतं हे फीवर नाही तर एका कलमावर ठरणारंय, आणि ते कलम एजंटने वाचलेलं नाही आणि तुम्हीही त्याच्या तोंडच्या शब्दावर विसंबून राहिलात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी हवा आणि रजिस्टर्ड हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की दोन महिन्यांचा. 'अकरा महिने' हे भूत आलं ते केंद्राच्या नोंदणी कायद्यातून, तिथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर लोक अकराच महिने लिहितात. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने ही सूट काढून टाकली, पण एजंट लोकांच्या तोंडातून ती काही जात नाही, आणि याच अर्थाची पत्रं मला दर महिन्याला येतात.

त्यातही खरी मेख ५५(२) मध्ये आहे. रजिस्टर्ड करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत. म्हणजे तुमचा भाडेकरू दीड लाख आणि तीन वर्षं जे म्हणतोय ना, ते त्याला कोणीतरी शिकवलंय. सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. आणि रजिस्ट्रेशन करून घेणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, एजंटची नाही, भाडेकरूची नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, असं लिहिलेलं आहे. कैदेचं घाबरू नका, पण भाडेकरूचा वकील हे पहिल्याच उत्तरात टाकेल.

आता वाचवलं किती ते बघा. भाडं २२,००० गुणिले ११ म्हणजे २,४२,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून अकरा महिन्यांचे ६,०५०, बेरीज २,४८,०५०, त्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे सहाशे-सातशे रुपये. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,००० आणि ऑनलाइनचे हाताळणी शुल्क ३००. म्हणजे सगळं दोन हजारांच्या आसपास, बाकी एजंटची मेहनत. तुम्ही ३,५०० दिलेत, तेवढ्यात रीतसर काम होऊन त्याला हजार-दीड हजार सुटले असते. ब्रोकरेज किती घ्यायचं हे मात्र कायद्याने ठरवलेलं नाही, एक महिन्याचं भाडं हा रिवाज आहे, त्यामुळे त्या २२,००० बद्दल फार तक्रार चालणार नाही, त्याने भाडेकरू आणून दिला होता.

आणि ज्यांनी ऑनलाइन केलंय त्यांनीही जरा थांबा. एजंट घरी येतो, दोघांचे अंगठे घेतो, फोटो घेतो, साक्षीदार घेतो, आणि एक पीडीएफ पाठवतो, मालक निवांत होतो. पण त्या पीडीएफवर नुसता टोकन नंबर असेल तर करार अजून रजिस्टर झालेला नाही! दुय्यम निबंधकाकडे आधार किंवा पत्त्यावर काही शेरा पडला आणि एजंटने तो दुरुस्तच केला नाही तर तसंच पडून राहतं. दस्त क्रमांक आणि इंडेक्स टू हा नोंदणीचा उतारा हातात आल्याशिवाय फीचा शेवटचा हप्ता देऊ नका. पोलिसांना दिलेली भाडेकरूची माहिती आणि सोसायटीची एनओसी या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांनी रजिस्ट्रेशन होत नाही.

तुमच्या बाबतीत मागचा करार आता रजिस्टर होईल का? नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त सादर करायचा असतो, त्यापुढे आणखी चार महिने दंड भरून मिळतात, ते दोन्ही तुमचे फेब्रुवारीपर्यंत संपले. मागची तारीख टाकून नवा कागद करू असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका.

म्हणून माझं मत, कोर्टात जायच्या आधी एक संधी घ्या. भाडेकरूला सांगा, आजच्या तारखेचा नवा लीव्ह अँड लायसन्स करार करू, तीन किंवा चार महिन्यांचा, रजिस्टर्ड, खर्च तुमचा. सही केली तर त्यात खरं डिपॉझिट ६६,००० लिहून घ्या, दीड लाखाचा विषय तिथेच संपतो. ती मुदत संपूनही नाही निघाला तर कलम २४ खाली पुण्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथे करारातला मजकूर निर्णायक पुरावा धरतात, भाडेकरूला नोटीस मिळाल्यावर ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं तारखा मोजण्यापेक्षा हा रस्ता किती बरा हे मी तुम्हाला काय सांगायचं.

सही नाही केली तर नोटरीवाल्या करारावरही कलम २४ खाली जाता येईल असं म्हणणारे वकील भेटतील, त्यावर हायकोर्टात दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झालेत, मी त्याची हमी देणार नाही. त्याआधी 'उलट सिद्ध' करायला लागेल ते गोळा करा. ६६,००० बँकेतून आलेत ना? ते स्टेटमेंट काढा, दरमहा २२,००० आल्याची नोंद काढा, व्हॉट्सअॅपवर 'एप्रिलपर्यंत' असा एखादा मेसेज असेल तर फोन बदलायच्या आधी जपून ठेवा. मेपासून आलेले पैसे भाडं म्हणून घेतलेत का? घेतले असतील तर मुदत वाढवली असं तो म्हणेल, यापुढे लेखी कळवून 'हक्क राखून, नुकसानभरपाईपोटी' म्हणून घ्या. आणि वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं हे करू नका, कलम २९ त्याच्या बाजूने उभं राहील, आणि जबरदस्तीने बाहेर काढलंत तर सहा महिन्यांत दावा लावून तो ताबा परतही मागू शकतो.

राहिली एजंटची फी. महारेराकडे धावू नका, तिथली एजंट नोंदणी प्रकल्पातल्या विक्रीसाठी आहे, भाड्याच्या व्यवहाराला नाही. जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटी म्हणून जाता येतं, मुदत दोन वर्षं, म्हणजे पुढच्या जूनपर्यंत वेळ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. पण पावतीवर काय लिहिलंय? 'रजिस्ट्रेशन' लिहिलं असेल तर ३,५०० ची बाजू भक्कम, नुसतं 'अॅग्रीमेंट चार्जेस' असेल तर तो म्हणेल करार करून दिलाच की, आणि पावतीच नसेल तर जीपे किंवा बँकेची नोंद आणि 'रजिस्ट्रेशन लागत नाही' असं त्याने लिहिलेला एखादा मेसेज यावर सगळं अवलंबून. तो मेसेज असेल तर आजच त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्याला लेखी नोटीस पाठवा, फोन तर तो उचलणारच नाही.