पासवर्ड बदलला, पण मेल अजून बाहेर जात असेल तर?

> "काल रात्री मेल आली की माझ्या जीमेल खात्यात नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालंय, विंडोज दाखवतंय. माझ्याकडे विंडोज नाहीच, मॅक आणि फोन आहे. घाईघाईने पासवर्ड बदलला. एवढं पुरे का, की अजून काही करावं?"

नाही, एवढं पुरत नाही. पासवर्ड बदललात ते योग्यच केलंत, पण खरं काम पुढे आहे. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण माझी सुरुवात अगदी अशीच झाली होती आणि सगळं नुकसान पासवर्ड बदलल्यानंतर झालं. म्हणून लांबलचक लिहितोय.

एक आधीच सांगतो. मी या क्षेत्रातला व्यावसायिक नाही. स्वतःवर बेतल्यामुळे जे शिकलो तेवढंच सांगतोय. मेनूंची नावं कंपन्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे एखादं बटण थोडं इकडेतिकडे दिसेल.

पासवर्ड बदलताना मेलमधल्या बटणावर क्लिक केलं होतंत का? केलं असेल तर बाकी सगळं थांबवा आणि ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून पासवर्ड पुन्हा बदला. हुबेहूब अशा खोट्या सूचना पाठवून पासवर्ड काढून घेणं हा नेहमीचा उद्योग आहे. सूचना खरी असेल तर तीच नोंद myaccount.google.com वर Security मध्ये सापडते. तिथे नसेल तर त्या मेलवर विश्वास ठेवू नका.

सूचनेत तीन गोष्टी असतात: वेळ, डिव्हाइस आणि ठिकाण. लोक ठिकाण पाहून घाबरतात, पण माझ्या मते तिन्हींत सर्वांत कमी भरवशाचं तेच. ते आयपी पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो. मोबाइल डेटा किंवा व्हीपीएन चालू असेल तर स्वतःचंच लॉगिन भलत्याच शहरातलं दिसू शकतं. कुकीज पुसल्या किंवा प्रायव्हेट विंडोमधून लॉगिन केलं तरी जुनाच कॉम्प्युटर 'नवीन' ठरतो. वेळ आणि डिव्हाइस मात्र नीट पाहा. तुमच्याकडे विंडोज नाही, घरातल्या किंवा ऑफिसमधल्या कुठल्या विंडोजवर तुम्ही खातं उघडलेलं नाही, आणि त्या वेळी तुम्ही लॉगिन करत नव्हतात, तर कुणीतरी आत शिरलं असं धरूनच चाला.

शब्दही नीट वाचा. 'लॉगिनचा प्रयत्न अडवला' आणि 'नवीन लॉगिन झालं' यांत फार अंतर आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात Recent activity उघडलं की अनेकांना जगभरातून केलेले फसलेले प्रयत्न दिसतात. ते पासवर्डचे अंदाज असतात, तेवढ्यावरून खातं फुटलं असं होत नाही. तुमच्या सूचनेत 'झालंय' असं आहे, म्हणून पुढचं सगळं.

आता माझ्यावर काय बेतलं ते. ती मेल सेवा वेगळी होती, नाव लिहीत नाही. सूचना आल्यावर मी पासवर्ड बदलला, सगळी डिव्हाइसेस लॉग आउट केली आणि शिवाय मदत केंद्रालाही लिहिलं. उत्तर आलं की पासवर्ड बदलल्यानंतर तुमच्याशिवाय कुणाचंही लॉगिन दिसत नाही, खातं सुरक्षित आहे. तक्रार बंद. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. मेल कुठे परस्पर जाते आहे का, एवढं एकदा पाहा, असं त्यांच्यातलं कुणीही सुचवलं नाही. त्यांच्याकडे रोज अशा किती तक्रारी येत असतील, तरी हे साधं वाक्य त्यांच्या ठरीव उत्तरात नव्हतं. याचा राग मला अजून येतो.

नंतर एका खरेदीच्या साइटवर माझा पासवर्ड चालेना. 'पासवर्ड विसरलात' वर क्लिक केलं, पण मेल आलीच नाही. पुन्हा केलं, तरी नाही. तेव्हा संशय आला. मी दुसऱ्या खात्यावरून स्वतःलाच दोन मेल पाठवल्या. एकीच्या विषयात password हा शब्द टाकला, दुसरीत नाही. दुसरी लगेच इनबॉक्समध्ये आली, पहिली आलीच नाही. सेटिंगमध्ये शोधत गेलो तर एक नियम सापडला. नियमाचं नाव म्हणून फक्त एक टिंब होतं, यादीत चटकन नजरेत येऊ नये म्हणून. password, verification, order असे शब्द असलेली प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर पाठवायची आणि माझ्याकडून पुसून टाकायची, एवढंच तो करत होता. त्यामुळे त्या माणसाला माझ्या खात्यात पुन्हा शिरण्याची गरजच नव्हती. तो इतर साइटवर जाऊन 'पासवर्ड विसरलात' करत होता, आणि दुवा त्याला माझाच मेल सर्व्हर पोचवत होता. पोस्टमनला पत्रं दुसऱ्या पत्त्यावर टाकायला सांगून ठेवलं असेल तर दाराचं कुलूप बदलून काय होणार?

म्हणूनच मदत केंद्राला लॉगिनची यादी स्वच्छ दिसत होती. नियम सर्व्हरवर चालतो, त्याला लॉगिन लागत नाही, आणि पासवर्ड बदलला तरी तो जागेवरच राहतो. तेव्हा 'नवीन लॉगिन दिसत नाही' हा खातं सुरक्षित असल्याचा पुरावा धरू नका.

आता तुमच्या जीमेलबद्दल. हे काम कॉम्प्युटरवर ब्राउझरमधूनच करावं लागेल, कारण फिल्टर, म्हणजे वर सांगितलेल्यासारखे नियम, आणि फॉरवर्डिंगची सेटिंग जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये नाहीत. फोनवर पाहून 'सगळं ठीक आहे' असं वाटतं ते त्यामुळेच. गिअरच्या चिन्हातून See all settings उघडा आणि तीन टॅब पाहा. Filters and Blocked Addresses मध्ये तुम्ही स्वतः न केलेला फिल्टर आहे का? Skip Inbox, Delete it किंवा Forward to असं लिहिलेल्या ओळी आधी वाचा. Forwarding and POP/IMAP मध्ये कुठला पत्ता जोडलेला आहे का? आणि Accounts and Import मध्ये Grant access to your account खाली कुणाचा पत्ता आहे का? हा तिसरा प्रकार फारसा कुणाला माहीत नसतो. त्यात नाव असलेला माणूस स्वतःच्या पासवर्डने तुमची मेल वाचू शकतो.

काही सापडलं तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, पत्ता आणि शब्द दोन्ही दिसतील असा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तेवढाच पुरावा हातात राहतो. मग पुसा. काही सापडलं नाही तरी वर सांगितलेली दोन मेलची चाचणी करून पाहा. मात्र फिल्टर शब्दांवर नसून पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावला असेल तर या चाचणीत तो पकडला जाणार नाही. म्हणून यादी डोळ्यांनी वाचणं चुकवू नका.

त्यानंतर जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका:

```
in:anywhere (password OR verification OR "security alert")
```

`in:anywhere` मुळे ट्रॅश आणि स्पॅमही शोधले जातात. ट्रॅशमधली मेल 30 दिवसांनी कायमची जाते, म्हणून हे आजच करा. तुम्ही न मागितलेली 'पासवर्ड बदला' छापाची मेल कुठल्या साइटकडून आली होती, याची यादी करा. Sent सुद्धा पाहून घ्या.

यानंतर खात्याच्या Security पानावर जा. Your devices मध्ये ते विंडोज अजून असेल तर साइन आउट करा. गूगलचा पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणचं लॉगिन तुटतं, पण सगळीकडचं नाही. प्रवेश दिलेली काही बाहेरची ॲप्स जोडलेलीच राहू शकतात, म्हणून तीही यादी पाहा आणि अनोळखी नाव काढून टाका. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल तुमचेच आहेत ना, पासवर्डऐवजी डिव्हाइसच्या लॉकने लॉगिन करू देणारी एखादी पासकी किंवा पासवर्डनंतर कोड मागणाऱ्या दुसऱ्या टप्प्याचा नंबर कुणी जोडलेला नाही ना, बॅकअप कोड नवीन काढलेत ना, हे तपासा. एक बारीक गोष्ट: रिकव्हरी ईमेल किंवा फोन बदलला तरी गूगल पुढचे 7 दिवस जुन्या ठिकाणी कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. तुमचा रिकव्हरी पत्ता बदललेला दिसला तर याचा फायदा तुम्हालाच होतो, आणि म्हणूनच उशीर करू नका.

दुसऱ्या टप्प्याबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. एसएमएसच्या कोडपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं आणि पासकी त्याहून बरी. ॲपमधला कोडसुद्धा खोट्या पानावर टाकला की गेलाच. पासकी मात्र ज्या साइटसाठी बनवली तिथेच चालते, खोट्या पानावर ती काही देतच नाही.

तुम्हाला आधीपासून दुसरा टप्पा चालू असूनही हे लॉगिन झालं का? तसं असेल आणि तुम्ही कोड कुणालाही दिलेला किंवा कुठल्या पानावर टाकलेला नसेल, तर संशय कॉम्प्युटरवर जातो. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, अनोळखी एक्स्टेन्शन, यांतून ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज चोरल्या जातात, आणि मग पासवर्डही लागत नाही आणि कोडही नाही. अशा वेळी त्याच मॅकवरून पासवर्ड बदलला तर नवीन पासवर्डही जाऊ शकतो. आधी दुसऱ्या, खात्रीच्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदला, आणि मॅक पूर्ण साफ होईपर्यंत त्यावर लॉगिन करू नका.

शेवटी ती यादी हातात घ्या. ज्या साइटचे पासवर्ड तुमच्या नकळत बदलले गेले, तिथला पासवर्ड बदलून शिवाय तिथला ईमेल, फोन आणि पत्ताही तपासा. माझ्या खरेदीच्या खात्यात पासवर्ड परत मिळवल्यावरही त्याचाच फोन नंबर जोडलेला राहिला होता. बँक आणि पैशांची खाती आधी, मग बाकीची. फिल्टरच्या टॅबमध्ये काही सापडलं तर त्यातला मजकूर इथे टाका, फक्त पत्ते झाकून. शब्दांवरून तो माणूस कशाच्या मागे आहे ते बऱ्याचदा कळतं, आणि कुठलं खातं आधी पाहायचं ते ठरवता येतं.