वर बुरशी आली तर ती फेकून द्यायची, चहासकट

«घरच्या कोंबुचाने पोट खरंच सुधारतं का? माझ्या बरणीत वर पांढरं काहीतरी आलंय. ते काढून प्यायलं तर चालेल का?»

आधी कोंबुचाची, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाची, बरणी बघा. पांढरं गुळगुळीत, ओलसर, सायीसारखं असेल तर ती नवी स्कोबी, म्हणजे चहा आंबवणाऱ्या जंतूंची आणि यीस्टची चकती, धरतेय. खाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे, तेही चालतात. पण वरच्या बाजूला कोरडे, लव आलेले गोल ठिपके असतील, मध्ये हिरवट-काळपट झाक असो वा नसो, तर ती बुरशी. मग चहा, स्कोबी सगळं मोरीत ओता.

हे मी खानापुरातल्या माझ्याच घरातून शिकले. जुलैचा महिना, पावसाची झड, स्वयंपाकघरात गारठा. नणंदेने पुण्याहून स्कोबी आणली होती. दोन लिटर पाण्याचा चहा, दीडशे ग्रॅम साखर, सगळं नीट केलं. चुकलं ते विरजणात. जुना आंबट कोंबुचा निदान दोनशे मिली घालायला हवा होता, मी दोनच चमचे घातले. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, पीएच पट्ट्या घरी होत्या. चौथ्या दिवशी लावली तर पाचच्या आसपास. सुरुवातीलाच साडेचारच्या खाली आणि आठवड्याभरात ४.२ च्या खाली यायला हवं. पीएच कमी म्हणजे आम्ल जास्त, आणि आम्लच नको ते जंतू रोखतं. आमचा चहा गोडच राहिला, गारठ्यात आंबणं रेंगाळलं आणि सहाव्या दिवशी ठिपके आले.

दीर म्हणाले, "वैनी, लोणच्यावरची बुरशी काढून आपण खातोच की. वरचं काढा, खालचं गाळून घ्या." मी ओतून टाकलं. त्यावरून घरात जे झालं ते अजून मिटलेलं नाही. भावोजी, काही बुरशींचं विष खालच्या चहात उतरतं. ते गाळून जात नाही, उकळूनही जाईलच असं नाही. आणि लोणच्यावरची काढून खातो तेही चूकच आहे. "आंबवलेलं म्हणजे पौष्टिक" हे त्यांचं दुसरं पालुपद. इडलीचं पीठ आंबतं, आंबील आंबते, पण दोन्ही आपण शिजवतो. कोंबुचा कच्चाच पितो.

पोटाचं म्हणाल तर त्यातले जंतू मुख्यतः व्हिनेगर करणारे. पोटाला फायदा होतो असं माणसांवरच्या चांगल्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. तयार कोंबुचाचा पीएच तीनच्या आसपास असतो, म्हणून पित्ताचा त्रास असेल तर उपाशीपोटी मुळीच नको, दातही शिवशिवतात. बरणी काचेचीच घ्या. तांब्या-पितळेत आम्लाने धातू उतरतो, जुन्या चिनी मातीच्या झिलईत शिसं असू शकतं.

आणि हो, गरोदर बायका, लहान मुलं, केमो चालू असलेली माणसं यांनी घरचा कोंबुचा पिऊच नये. त्यात थोडं अल्कोहोलही असतं. दिरांच्या घरात सध्या गरोदर सून आहे, म्हणून एवढं लिहिलं.