कॅमेरा नको, फक्त आवाज: श्वासाची पहिली क्लिप

प्रश्न: मी योगा टीचर आहे, सकाळची एक बॅच घेते. कॅमेरा सुरू झाला की माझे शब्दच गायब होतात. नुसत्या व्हॉइस नोट्स आणि ऑडिओ क्लिप्स टाकून चालेल का? सुरुवात कशाने करू?

चालेल, मी तेच करते. फक्त आसनांपासून सुरुवात करू नका. ज्याने त्रिकोणासन कधी केलंच नाही त्याला ते नुसतं ऐकून जमत नाही, गुडघा कुठे वळला हे ना त्याला कळतं ना तुम्हाला. आवाजाला खरं जमतं ते डोळे मिटून करायचं काम, म्हणजे श्वास, भ्रामरी, शवासन. त्यातही पहिली क्लिप श्वासाची करा, तीन मिनिटांची, 4 आकड्यांत घ्यायचा आणि 6 आकड्यांत सोडायचा. एका श्वासाला 10 सेकंद, मिनिटाला 6, तीन मिनिटांत 18.

दिसायला सोपं आहे पण माझी पहिली क्लिप इथेच फसली. बॅचमधल्या एका काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, ताई तुमच्या ऑडिओने मला दमच लागला. मी घड्याळ लावून ऐकलं तर 18 श्वास 2 मिनिटं 10 सेकंदांतच उरकले होते, म्हणजे एक श्वास जेमतेम 7 सेकंदांचा. होतं काय, वर्गात समोर माणसं दिसतात, त्यांच्या छाती-पोटाकडे बघून आपण आपोआप थांबतो, आणि रेकॉर्ड करताना समोर कोणीच नसतं, मग ती शांतता खायला उठते आणि आपण पुढचा आकडा लवकर बोलून टाकतो. शिवाय बोलायचं म्हणजे श्वास सोडायलाच लागतो, त्यामुळे "घ्या, एक, दोन" म्हणता म्हणता स्वतःही श्वास घेणं शक्यच नाही. तेव्हा रेकॉर्डिंगच्या वेळी स्वतः करायला जाऊ नका, सेकंद काटा असलेलं घड्याळ समोर ठेवा आणि मांडीवर बोटाने ताल धरून मोजा. पहिले पाच श्वास आकड्यांसकट, मग नुसतं "घ्या", "सोडा". मध्ये गप्प राहायचं असेल तर आधी सांगा की आता अर्धा मिनिट मी बोलणार नाही, नाहीतर क्लिप संपली समजून लोक डोळे उघडून फोन हातात घेतात.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर बरेच जण व्हॉइस नोट 1.5x किंवा 2x वर ऐकतात, आणि त्या वेगाने श्वास केला तर चक्कर यायची. म्हणून माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "वेग 1x वर ठेवा, बसून ऐका, गाडी चालवताना नको."

शब्दांचं म्हणाल तर "असं", "इथे", "एवढं" हे तिन्ही शब्द काढून टाका, ऐकणाऱ्याला तुमचा हात दिसत नाहीये. आधी अवयव, मग काय करायचं ते: "उजवा हात, तळवा वरच्या बाजूला, मांडीवर." तपासायचं असेल तर घरातल्या कोणाला तरी डोळे मिटून ती क्लिप ऐकायला बसवा. माझ्या सासूबाईंनी "हात बाजूला" ऐकून दोन्ही हात पंख पसरावेत तसे पसरले, मला शरीराच्या कडेला जमिनीवर हवे होते! तेव्हापासून मी "कमरेपासून वीतभर लांब" असं म्हणते.

रेकॉर्डिंगला माइक लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, पलंगावर गोधड्या असतील त्या खोलीत बसा, म्हणजे आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका धरा, समोर धरला की "प" आणि "फ" ला फटफट येते. थेट व्हॉइस नोट करण्यापेक्षा फोनच्या रेकॉर्डरमध्ये करा, शेवटी चुकलं तर तेवढं कापता येतं. बासरीबिसरी मागे लावू नका, श्वासाचा ताल बिघडतो आणि गाणं कोणाचं तरी असलं तर पुढे अडचण.

पाठवायला ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, ग्रुपमध्ये गुड मॉर्निंगखाली क्लिप गाडली जाते. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती पोचते, एका लिस्टमध्ये 256 जण. इन्स्टाला चित्र लागतंच, तिथे चटईचा किंवा ज्ञानमुद्रेतल्या हातांचा एक फोटो आणि खाली तोच आवाज.

एक मात्र नक्की पाळा. क्लिप फॉरवर्ड होते, कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, म्हणून कुंभक आणि कपालभाती ऑडिओत टाकू नका. बीपी असलेला माणूस किंवा गरोदर बाई ती करत असेल तर वर्गात तुम्ही थांबवू शकता, क्लिपमध्ये नाही. 4 आणि 6 च्या क्लिपमध्येसुद्धा "कोंडल्यासारखं वाटलं तर नेहमीसारखा श्वास घ्या" एवढं वाक्य असू द्या, आणि ते शेवटी नको, तिसऱ्या-चौथ्या श्वासाला म्हणा, कारण त्रास होतो तो साधारण तेव्हाच.