टॅको लावूनही टेबल डोलतंय: तो कपॅसिटर आधी काढा

प्रश्न: फिरत्या टेबलाचा पोझिशन सर्व्हो आहे. डीसी मोटर, गिअरबॉक्स, टेबलाच्या शाफ्टवर जागा मोजणारा पॉट. नुसत्या प्रपोर्शनलवर फार डोलायचं. डेरिव्हेटिव्ह दिला तर पॉटच्या आवाजाने मोटर गुरगुरते, म्हणून मोटरमागचा वेग मोजणारा टॅको जोडला. सिग्नल लाटांसारखा येत होता, फिल्टर लावला. आता लाटा कमी आहेत, पण टेबल परत डोलतं. टॅकोचा गेन वाढवला तरी फरक नाही. मोटर खराब असेल का?

उत्तर:

मोटर खराब असेल असं मला वाटत नाही. तुमचं शेवटचं वाक्य वाचून मात्र जुने दिवस आठवले, कारण याच प्रश्नापायी मी एक चांगली मोटर तीन आठवडे रिवाइंडिंगवाल्याकडे टाकून ठेवली होती.

आधीच सांगतो, मी कंट्रोलचा प्राध्यापक नाही. आयुष्य मेंटेनन्समध्ये गेलं. खालचे आकडे आमच्या वेल्डिंगच्या टेबलाचे आहेत, तुमचे वेगळे येतील. टॅकोची पोलॅरिटी बरोबर आहे हे धरून चालतो. उलटी असती तर टेबल सुसाट पळालं असतं आणि तुम्ही वेगळा प्रश्न विचारला असता.

आमचा गिअर ५० ला १, पॉट अंशाला ०.१ व्होल्ट, टॅको हजार आरपीएमला ७ व्होल्ट. पोझिशन लूप उघडून ॲम्प्लिफायरला छोटी पायरी दिली आणि टॅको स्कोपवर पाहिला, तर वेग ०.१ सेकंदात ६३ टक्क्यांवर पोचत होता. हा झाला टाइम कॉन्स्टंट. लूप गेन ४०. K म्हणजे लूप गेन, T म्हणजे टाइम कॉन्स्टंट, Kt म्हणजे टॅकोचा गेन, wn म्हणजे नैसर्गिक वारंवारता आणि zeta म्हणजे डॅम्पिंग. एवढ्यावर हिशेब असा बसतो:

```
wn   = sqrt(K/T)                  = 20 rad/s
zeta = (1 + K*Kt)/(2*sqrt(K*T))
Kt = 0     -> zeta = 0.25
Kt = 0.05  -> zeta = 0.75
```

म्हणजे टॅको नसताना ओव्हरशूट ४४ टक्के, आणि Kt ०.०५ सेकंद ठेवला की जेमतेम ३ टक्के. नैसर्गिक वारंवारता हलत नाही. टेबल थांबलेलं असताना टॅको शून्य देतो, त्यामुळे जागेवरची अचूकताही होती तशीच राहते.

हे ०.०५ प्रत्यक्षात कसं काम करतं ते डोळ्यांसमोर आणा. टेबल सेकंदाला १०० अंशांनी लक्ष्याकडे निघालंय. टॅकोचा हिस्सा तेव्हा ५ अंशांच्या एररएवढा होतो. म्हणजे लक्ष्य ५ अंशांवर असतानाच ॲम्प्लिफायरचं आउटपुट शून्य होतं आणि त्यापुढे उलटं जातं. पोचायच्या आधीच ब्रेक लागतो. वेगळा डेरिव्हेटिव्ह लागत नाही तो यामुळेच. शिवाय लक्ष्य एकदम बदललं तरी टॅकोला त्याची खबर नसते, त्यामुळे एररच्या डेरिव्हेटिव्हसारखा झटका बसत नाही. पॉटचा सिग्नल सॉफ्टवेअरमध्ये डेरिव्हेट करूनही गणित हेच येतं, पण पॉटच्या ब्रशची खरखर त्यात मोठी होऊन येते, ते तुम्ही अनुभवलंच आहे.

आता आमची चूक. टेबल सेकंदाला २० अंशांनी फिरवलं की टॅकोवर १.१७ व्होल्ट यायचे आणि त्यावर जवळपास दहा टक्क्यांची संथ लाट असायची. ड्राइव्ह पुरवणाऱ्यांच्या सर्व्हिस डेस्कला फोन केला. माणसाने लाट सेकंदाला किती वेळा येते, वेगाबरोबर बदलते का, यातलं काहीही न विचारता सांगितलं, "नॉइज आहे, फिल्टर टाका." नंतर सहा-सात फोन केले, दर वेळी नवा माणूस आणि तेच उत्तर. शेवटी म्हणाले मोटर तपासा. तेच ऐकून मोटर उतरवली. अजूनही राग येतो. प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आणि मी फिल्टर टाकला. १० किलोओहम मालिकेत, १० मायक्रोफॅरड ग्राउंडला, पुढे बफर. म्हणजे ०.१ सेकंद. स्कोपवर लाट बरोबर निम्मी झाली. मी खूश. टेबल मात्र पहिल्यासारखं डोलायला लागलं.

पुढे कधीतरी कागदावर मांडलं तेव्हा कळलं की डॅम्पिंग ०.७५ वरून ०.२७ वर आलं होतं. टॅको मुळीच नसताना ०.२५ होतं. एका कपॅसिटरने टॅकोचं जवळजवळ सगळं काम पुसून टाकलं होतं.

कारण समजलं की हे कायमचं लक्षात राहतं. टेबल ज्या वारंवारतेला डोलतं तिथे हा फिल्टर टॅकोचा सिग्नल सुमारे ६८ अंश मागे ढकलतो. वेगाचा सिग्नल ९० अंश मागे पडला की तो जागेच्या सिग्नलसारखाच होतो. म्हणजे तो ब्रेक लावण्याऐवजी टेबलाला लक्ष्याकडे ओढणारी स्प्रिंग जणू आणखी ताठ करतो. म्हणून गेन वाढवून उपयोग होत नाही. मी टॅको दुप्पट केला, तर डॅम्पिंग ०.२६ वरच राहिलं, फक्त डोलण्याचा वेग वाढला, सुमारे २४ वरून २८ रेडियन प्रति सेकंद.

तुमच्याकडे हेच चाललंय का ते ओळखायची खूण यातच आहे. टॅकोचा गेन थोडा थोडा वाढवत पायरी देऊन बघा. टॅको स्वच्छ असेल तर हेलकावे संथ होत होत नाहीसे होतात. हेलकावे भरभर व्हायला लागले, पण कमी झाले नाहीत, तर टॅकोच्या वाटेत कुठेतरी उशीर आहे. फिल्टर असेल, ड्राइव्हच्या आत लपलेलं एखादं स्मूदिंग असेल, किंवा कंट्रोलर डिजिटल असेल तर ॲव्हरेजिंग.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. सलग वेगाने फिरताना टेबल लक्ष्याच्या मागे राहतं, आणि टॅकोमुळे ते अंतर वाढतं. २० अंशांच्या वेगाला टॅकोशिवाय आमचं टेबल अर्धा अंश मागे राहायचं, टॅकोनंतर दीड अंश. कारण साधं आहे. गेनमधून कमी होऊन आलेला टॅकोचा हिस्सा ०.१ व्होल्ट, तो भरून काढायला पॉटला आणखी एक अंश मागे राहावं लागतं. फिल्टर हा स्थिर हिस्सा अडवत नाही. म्हणजे डॅम्पिंग गेलं आणि दीड अंशाचा तोटा तसाच राहिला. टॅको दुप्पट केल्यावर तोच अडीच अंश झाला. गोल शिवण वेल्ड करताना टॉर्च जोडाच्या बाजूला सरकलेला दिसायचा, आणि आम्ही फिक्स्चरला दोष देत होतो.

ती लाट कशाची होती? मोटरच्या कपलिंगवर खडूने रेघ मारली आणि रेघ वर आली की स्कोपकडे बघितलं. एका फेऱ्याला एकच लाट. मोटर तेव्हा १६७ आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला २.८ फेरे. कम्युटेटरचा रिपल एका फेऱ्यात पुष्कळ वेळा येतो, एकदा नाही. एकदा येणारी लाट बहुतेक वेळा मेकॅनिकल असते. टॅको बाहेरून वेगळ्या ब्रॅकेटवर बसवला होता. ब्रॅकेट मीच बनवून घेतला होता आणि त्याचं सेंटर मिलीमीटरभर सरकलेलं होतं. कपलिंग एका पिनेचं, पीन सेंटरपासून १० मिलीमीटरवर. दहाला एक, म्हणजे दहा टक्के. डायल गेज लावून ब्रॅकेट सरळ केला, ग्रब स्क्रूखाली शाफ्टवर छोटा सपाट भाग घासून घेतला, तेव्हा लाट स्कोपवर शोधावी लागली.

२.८ हर्ट्झ आणि लूपची स्वतःची ३.२ हर्ट्झ जवळजवळ एकाच जागी येतात हेही बघा. ती लाट फिल्टरने मारायची म्हणजे ज्या पट्ट्यात टॅकोने काम करायचं तोच पट्टा मारायचा. त्यातून लाट वेगाबरोबर सरकते, टेबल हळू फिरवलं की ती आणखी खाली जाते. कुठलाही फिल्टर तिला सगळीकडे पकडू शकत नाही.

फिल्टर अजिबात नको असं मी म्हणत नाही. कम्युटेटरच्या बारीक रिपलसाठी १ किलोओहम आणि २.२ मायक्रोफॅरड लावलं होतं, साधारण २ मिलिसेकंद, आणि डॅम्पिंगवर काही परिणाम झाला नाही. माझं मत असं की टॅकोच्या फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट Kt च्या दहाव्या हिश्शापेक्षा मोठा नको. हे पुस्तकातलं नाही, हाताने ठरवलेलं आहे.

मागे राहण्याचा त्रास तुम्हालाही होत असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे कपॅसिटर मालिकेत टाकून टॅकोचा स्थिर हिस्सा अडवणं. सलग वेगात जादा मागे पडणं संपतं, पण थांबताना एक छोटी हळू शेपटी राहते. मला ती वाट आवडली नाही. दुसरी म्हणजे टॅको स्वच्छ झाला की लूप गेन वाढवणं. आम्ही ४० चा १६० केला, Kt ०.०३१ वर आणला, डॅम्पिंग ०.७५ च राहिलं आणि दीड अंशाचा पाऊण अंश झाला. याच्या वर गेलो तेव्हा कपलिंगचा बारीक गुणगुणाट सुरू झाला आणि तिथेच थांबलो. तुमच्या टॅकोच्या कपलिंगमध्ये रबर असेल तर हा गुणगुणाट लवकर येईल. टॅको टेबलाच्या शाफ्टवर बसवायचा मोह होईल, तोही नको. मधला गिअरचा खेळ लूपमध्ये येतो आणि मोटर त्या खेळातच टकटक करत बसते.

घर्षणामुळे टेबल लक्ष्याच्या किंचित अलीकडे थांबत असेल तर त्यात टॅको काही करू शकत नाही. वेग शून्य, सिग्नल शून्य.

आत्ता फक्त एवढं करा. तो कपॅसिटर एका बाजूने सोल्डर काढून उचला, टॅकोचा गेन निम्म्यावर आणा आणि छोटी पायरी द्या, पाच अंशांची, हात इमर्जन्सी स्टॉपवर ठेवून. मग खडूची रेघ मारून एका फेऱ्यात किती लाटा येतात ते मोजा. फिल्टरमधल्या रोधकाची आणि कपॅसिटरची किंमत आणि ही लाटांची संख्या इथे लिहा, पुढचं बघू. मोटर तोपर्यंत उतरवू नका.