एक्झॉस्ट ब्रेक, इंजिन ब्रेक, रिटार्डर: तिघांचं काम एक, जागा वेगळी

प्रश्न: सोलापुरात आमच्या वाहतूक कार्यालयासाठी चालकांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत लिहितोय. चालक ‘एक्झॉस्ट’ म्हणतात, कंपनीच्या पुस्तकात ‘इंजिन रिटार्डर’ लिहिलंय आणि एकजण नुसतं ‘रिटार्डर’ म्हणतो. हे एकच का? सगळ्यांना ‘इंजिन ब्रेक’ म्हटलं तर चालेल? आणि ब्रेक ‘मारा’ लिहू की ‘लावा’?

एकच नाहीत, आणि सरसकट ‘इंजिन ब्रेक’ लिहू नका. उतारावर गाडीची ताकद कुठे जिरवायची, याची ही तीन वेगवेगळी उत्तरं आहेत. चालकाने कुठल्या काट्यावर लक्ष ठेवायचं, हेही त्यावरच ठरतं.

आधी ही ताकद किती असते ते पाहू. सोलापूरहून साखर भरून न्हावा शेव्याला निघालेली दहा टायरी गाडी घ्या, मालासकट 28 टन. पुण्यापर्यंत तिला घाटाची फारशी चिंता नसते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना मात्र ती पाचशे मीटर खाली येते. या उतरण्यातली ऊर्जा सुमारे 38 युनिट भरते, विजेच्या मीटरवरचं युनिट तेच. ती सगळी सहा ड्रमांवर टाकली, प्रत्येक ड्रममध्ये 50 किलो लोखंड धरलं आणि वाऱ्याने काहीच थंडावा दिला नाही असं मानलं, तर ड्रम नऊशे अंशांनी तापतील. प्रत्यक्षात वारा आणि टायरांचं घर्षण बराच वाटा उचलतात, पण लायनरची पकड त्याच्या खूप आधीच ढिली पडते. शिवाय ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि हवेच्या चेंबरची दांडी जास्त बाहेर यावी लागते. दांडीची धाव संपली की पेडल कितीही दाबा, जोर ड्रमवर पोचतच नाही. आपण ज्याला सरसकट ‘ब्रेक फेल’ म्हणतो, त्यात हा प्रकार बराच असतो. नळी फुटलेली असतेच असं नाही.

आता एक्झॉस्ट ब्रेक. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर पेट्रोलसारखी झडप नसते, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडला तरी अवजड गाडीला पुरेशी ओढ मिळत नाही. म्हणून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत एक फिरती चकती बसवलेली असते. स्विच दाबला की हवेच्या छोट्या सिलिंडरने ती बंद होते, डिझेल तोडलं जातं, आणि पिस्टनला आतली हवा बंद दाराशी ढकलत बसावं लागतं. नळीतला दाब वातावरणाच्या तीन-चार पट चढतो. तो याहून फार वाढवता येत नाही. वाढवला तर हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला मागे सारून व्हॉल्व्हच उघडते. ही या ब्रेकची उपजत मर्यादा.

पुस्तकातला ‘इंजिन रिटार्डर’ बहुधा दुसरीच गोष्ट असते. इंजिनात पिस्टन वर जाताना हवा दाबतो. त्यात ताकद खर्च होते, पण खाली येताना ती हवा गादीच्या स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलून बरीचशी ताकद फेडते. या यंत्रणेत पिस्टन वर टेकता टेकता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडला जातो. दाबलेली हवा निसटते, फेड होतच नाही. इंजिन जणू हवा दाबायचा पंप बनतं, म्हणून ही ओढ एक्झॉस्ट ब्रेकपेक्षा जोरदार असते. अमेरिकेत क्लेसी कमिन्स यांची ही कल्पना जेकब्ज कंपनीने 1961 साली बाजारात आणली, म्हणून तिथे तिला ‘जेक ब्रेक’ म्हणतात. तिचा तडतडाट असा की तिकडच्या कित्येक गावांच्या वेशीवर तो वापरू नका अशा पाट्या असतात.

नुसता ‘रिटार्डर’ इंजिनात नसतोच. तो गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला बसतो आणि तेलाच्या घुसळणीने किंवा विद्युतचुंबकाने शाफ्टला अडवतो. तेलाचा असेल तर उष्णता रेडिएटरमध्ये जाते, म्हणून चालकाने पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. क्लच दाबला तरी तो ओढ सोडत नाही. पहिल्या दोन्ही प्रकारांत मात्र क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं आणि ब्रेक गेला.

माहितीपत्रकात सर्वाधिक जागा द्यायची तर ती गिअरला द्या. वरचीच गाडी पाच टक्के उतारावर ताशी 30 किलोमीटरने सोडली, तर टायरांचं घर्षण वगळून साधारण 100 किलोवॅट सतत जिरवावे लागतात. सहा लिटरच्या इंजिनाचा एक्झॉस्ट ब्रेक भरपूर फेऱ्यांवर 65 ते 70 किलोवॅट खेचेल. उरलेला भार ड्रमांवर. तीच गाडी ताशी 20 ने आणली तर गरज 65 वर येते. खालचा गिअर असल्यामुळे इंजिनाच्या फेऱ्या मात्र तेवढ्याच राहतात, म्हणजे ब्रेकची ताकद कमी होत नाही. ड्रमांना जवळजवळ कामच उरत नाही. उलट वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर एक्झॉस्ट लावला तर तो फुसका वाटतो, आणि मग ‘हा ब्रेक काही कामाचा नाही’ असा बोलबाला होतो.

गिअर घाटमाथ्यावरच टाकायचा. अर्ध्या उतारावर गाडी न्यूट्रल झाली आणि वेग चढला की भरल्या गाडीचा खालचा गिअर परत पडेलच असं नाही. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यातला लाल पट्टाही पाहा: उतारावर इंजिनाला चाकं फिरवतात, त्यामुळे डिझेल तोडून फेऱ्या आवरत नाहीत. फेऱ्या तिकडे सरकू लागल्या की पेडल एकदा दमदार दाबून वेग चार-पाच किलोमीटरने उतरवायचा आणि पाय काढायचा. हलका पाय सतत ठेवला तर ड्रमाला गार व्हायला उसंत मिळत नाही. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं ही समजूतही आता मोडीत काढा: इलेक्ट्रॉनिक पंपाच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय सोडला की डिझेल बंदच होतं, न्यूट्रलमध्ये ते जळतच राहतं.

एक्झॉस्ट ब्रेकची चकती काजळीने अडकते, तेवढा एक दोष नक्की लिहा. अर्धी बंद राहिली तर चढाला गाडी दम धरत नाही आणि धूर काळा येतो. उघडीच राहिली तर स्विच दाबूनही आवाजात फरक पडत नाही. निरोगी चकती बंद होताना सायलेन्सरचा आवाज दबतो आणि सुटताना फुस्स होतं. ही चाचणी घाटात नको, आधी सपाट रस्त्यावर करा. पावसात रिकाम्या गाडीला हा ब्रेक लावू नका. ओढ फक्त मागच्या चालत्या चाकांवर येते आणि ती घसरतात.

शब्दाचं म्हणाल, तर ‘गतिरोधक’ अगदी चपखल होता, पण मराठीने तो केव्हाच रस्त्यावरच्या उंचवट्याला देऊन टाकलाय. तेव्हा ‘एक्झॉस्ट ब्रेक’ आणि ‘रिटार्डर’ तसेच ठेवा, आणि मधल्याला ‘इंजिन ब्रेक’ म्हणा. क्रियापदाबाबत चालकांचीच बोली बरोबर आहे: पायाचा ब्रेक क्षणभराचा, तो ‘मारतात’. एक्झॉस्ट ब्रेक मात्र उतार सुरू व्हायच्या आधीपासून चालू राहतो, म्हणून लिहा, ‘घाटमाथ्यावर खालचा गिअर टाका आणि एक्झॉस्ट ब्रेक लावून ठेवा.’